30:70 की 50:50? स्वायत्त महाविद्यालयात अंतर्गत गुण किती ठेवायचे

महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली की अभ्यास मंडळाच्या सुरुवातीच्या बैठकांतच एक प्रश्न हमखास येतो. 100 गुणांच्या विषयात सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाला किती गुण द्यायचे आणि सत्रान्त लेखी पेपरला किती? संलग्न असताना हे कुणी विचारत नसे, कारण आराखडा विद्यापीठाकडून यायचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या आराखड्यात हे प्रमाण साधारण 30:70 होतं. नाशिकच्या बहुतेक प्राध्यापकांच्या हाताला तेच बसलेलं आहे. आता प्रमाण आपणच ठरवायचं म्हटल्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, तीन तासांत विद्यार्थ्याचं काय कळणार, 50:50 करा. दुसरा म्हणतो, इंटर्नल म्हणजे खिरापत, 20:80 करा.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात: कागदावर 30 लिहिलं की त्या भागाचं वजन 30 टक्के होतं. तसं होत नाही, आणि का होत नाही ते समजल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

कागदावरचं वजन आणि खरं वजन

नमुन्यादाखल 60 विद्यार्थ्यांचा एक वर्ग घेऊ. आकडे मांडणीसाठी घेतलेले आहेत, पण कुठल्याही विभागाच्या गुणपत्रकात असंच चित्र दिसेल. अंतर्गत 30 पैकी सरासरी 26 आणि जवळजवळ सगळे 23 ते 29 च्या मध्ये. सत्रान्त 70 पैकी सरासरी 38, पण कुणी 15 वर, कुणी 60 वर. म्हणजे अंतर्गत गुणांचा फैलाव, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, सुमारे 1.6 आणि सत्रान्तचा 11.

आता यातले दोन विद्यार्थी पाहा.

| | अंतर्गत (30) | सत्रान्त (70) | एकूण |
|---|---|---|---|
| पहिली विद्यार्थिनी | 29 | 33 | 62 |
| दुसरा विद्यार्थी | 24 | 45 | 69 |

पहिलीने सत्रभर नेटाने काम केलं. वर्गात तिच्यापेक्षा चांगले अंतर्गत गुण क्वचितच कुणाला असतील, तरी त्याचा फायदा फक्त पाच गुणांचा झाला. शेवटच्या तीन तासांत मात्र ती 12 गुणांनी मागे पडली. क्रमवारी कुणी ठरवली? सत्रान्त पेपरने. दोन्ही भागांत थोडा परस्परसंबंध (0.3 च्या आसपास) धरून हिशेब केला, तर एकूण गुणांमधल्या चढउतारात अंतर्गत भागाचा वाटा जेमतेम 6 टक्के निघतो. जो भाग विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत फरकच करत नाही, तो क्रमवारीत मोजला जात नाही, मग त्याला कितीही गुण ठेवा.

याच सवयीने गुण देत राहून प्रमाण तेवढं 50:50 केलं तर? अंतर्गत सरासरी 50 पैकी 43 होईल आणि फैलाव 2.7 च्या आसपास. सत्रान्तचा फैलाव 50 च्या मोजपट्टीवर 7.9 होईल. क्रमवारीतला अंतर्गत वाटा 17 टक्क्यांपर्यंत चढेल, 50 च्या जवळपासही जाणार नाही. उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या रेषेवर मात्र उलटा परिणाम होतो. पासिंग 40 ला असेल तर सरासरी विद्यार्थी सत्रान्त पेपर देण्याआधीच पास झालेला असतो. म्हणजे वरच्या टोकाला अंतर्गत गुण निरुपयोगी आणि खालच्या टोकाला सर्वशक्तिमान. दोन्ही भागांत स्वतंत्र पासिंग हवं असा आग्रह धरला जातो तो याचसाठी. ते नसेल तर 30:70 मध्येही 26 अंतर्गत गुण मिळालेल्याला 70 पैकी फक्त 14 पुरतात.

आपल्या विभागात काय चाललंय हे पाहायला वेळ लागत नाही. मागच्या सत्राची गुणपत्रिका एक्सेलमध्ये उघडा. समजा अंतर्गत गुण C स्तंभात आणि सत्रान्त गुण D स्तंभात आहेत:

```
=STDEV.P(C2:C61)
=STDEV.P(D2:D61)
=CORREL(C2:C61,D2:D61)
```

पहिला आकडा दुसऱ्याच्या तुलनेत नगण्य असेल, तर नुसतं प्रमाण बदलून फारसं काही साधणार नाही. आधी अंतर्गत गुण देण्याची पद्धत बदलावी लागेल. तिसरा आकडा शून्याजवळ असेल तर दोन भाग अगदी वेगळ्या गोष्टी मोजताहेत. ते मुद्दाम असेल, उदाहरणार्थ प्रयोगशाळेतलं कौशल्य विरुद्ध लेखी उत्तर, तर हरकत नाही. दोन्हीकडे तोच अभ्यासक्रम लेखीच विचारला असेल आणि तरी संबंध दिसत नसेल, तर दोहोंपैकी एक मापन बिघडलेलं आहे.

जे मोजायचं तेच मोजलं जातंय का

सत्रान्त पेपरची उणीव ठरलेली आहे: तो फार थोडं पाहतो. चार श्रेयांकांच्या विषयाला साठ तास शिकवायचं आणि तीन तासांत विचारायचं, त्यातही 'सातपैकी कोणतेही पाच' असा पर्याय. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एक-दोन प्रकरणं ऑप्शनला टाकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, आराखड्यानेच तशी मुभा दिली आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ब्युरेट नीट वाचता येतं का, वाणिज्यच्या विद्यार्थ्याला खऱ्या दुकानाच्या बिलांवरून खतावणी करता येते का, हे लेखी उत्तरातून कळत नाही. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्याला पेपर सोपा जातो. तेव्हा गुण विषयाच्या समजेला मिळाले की पेपरच्या सवयीला, हे वेगळं काढता येत नाही.

अंतर्गत मूल्यमापनाचा दोष नेमका उलटा आहे. ते खूप काही पाहतं, पण त्यात नको ते मिसळतं. उपस्थितीला पाच गुण, फाईलच्या टापटिपीला पाच, 'वर्तन व सहभाग' याला पाच. या 15 गुणांचा विषयाच्या ज्ञानाशी थेट संबंध नाही. उपस्थिती हवीच असेल तर ती परीक्षेला बसण्याची अट ठेवावी, गुण करू नयेत. सबमिशनचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे: एक जर्नल पूर्ण होतं आणि बाकीची त्यावरून उतरवली जातात. घरी लिहून आणायच्या कामाला गुण असतील तर त्याला पाच मिनिटांची तोंडी जोडलीच पाहिजे. 'हा तक्ता तूच केलास ना, मग तिसऱ्या वाचनात फरक का आला?' एवढा एक प्रश्न पुरतो. ज्याने स्वतः प्रयोग केला, तो चुकीचं का होईना, पण त्या वाचनाबद्दल काहीतरी सांगतो.

आता भरवशाचा मुद्दा. तीन तासांचा चांगला काढलेला पेपरही अचूक नसतो. त्याची विश्वसनीयता, म्हणजे तशीच परीक्षा पुन्हा घेतली तर गुण किती जुळतील याचं 0 ते 1 मधलं माप, 0.8 धरली, जी चांगली समजली जाते, तर 11 च्या फैलावाला मापनाची सर्वसाधारण चूक सुमारे पाच गुणांची येते. म्हणजे सत्रान्तला 70 पैकी 26 मिळवून नापास झालेला दुसऱ्या एखाद्या दिवशी, दुसऱ्या प्रश्नांवर 31 मिळवू शकला असता. उलट छोट्या चाचणीची विश्वसनीयता एकटीने कमी, समजा 0.5. पण तशा पाच चाचण्यांची बेरीज केली की चाचण्या वाढवल्यावर विश्वसनीयता किती वाढते हे सांगणाऱ्या स्पिअरमन-ब्राउन सूत्राने ती 0.83 होते. सत्रभराच्या मूल्यमापनाचं खरं बळ या बेरजेत आहे.

ही बेरीज फळते ती पाचही गुण एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिले असतील तरच. 'हुशार मुलगी आहे' या एकाच मतावरून पाच रकाने भरले, तर ती पाच मापनं होत नाहीत, एकच मापन पाचदा लिहिलं जातं.

ताण: डोंगर एकदाच की रोजचा चढ

सत्रान्त परीक्षेचा ताण सर्वांना दिसतो, कारण तो एका पंधरवड्यात साठतो आणि एक वाईट दिवस सहा महिने घेऊन जातो. त्या सकाळी ताप आला, निफाडहून येणारी बस चुकली, घरात कुणी गेलं, तर विषय राहतो आणि एटीकेटीचा शेपूट पुढच्या सत्राला लागतो.

अंतर्गत पद्धतीचा ताण पसरलेला असल्यामुळे दिसत नाही, पण तो कमी असतोच असं नाही. साधा हिशेब करा. सहा विषय, प्रत्येकात पाच मूल्यमापनं, म्हणजे 30. सत्राचे आठवडे 15. सरासरी आठवड्याला दोन, हे ऐकायला सुसह्य वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक शिक्षक आपलं युनिट संपल्यावर चाचणी लावतो आणि सगळ्यांची युनिटं पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात संपतात. मग एका आठवड्यात सात-आठ गोष्टी येतात आणि मधले आठवडे मोकळे जातात. यावर उपाय एकच: सत्र सुरू होण्याआधी विभागांनी मिळून एक मूल्यमापन वेळापत्रक करायचं, एका वर्गाला आठवड्यात तीनपेक्षा जास्त मूल्यमापनं येऊ द्यायची नाहीत आणि ते वेळापत्रक फलकावर लावायचं. बदल करायचा तर दोन शिक्षकांनी आपसात अदलाबदल करावी, भर घालू नये.

दुसरी गोष्ट 'पाचपैकी सर्वोत्तम चार' या नियमाची. एक चाचणी बुडाली किंवा बिघडली तर ती आपोआप गळते, वैद्यकीय दाखल्यांची फाईल सांभाळावी लागत नाही आणि प्रत्येक चाचणीचं ओझं हलकं होतं. दोन चाचण्या गाळल्या तर मात्र विद्यार्थी शेवटच्या दोन देतच नाहीत. एकच गाळावी.

चाचण्या वारंवार घेण्याच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. चाचणीने शिकणं पक्कं होतं. त्यासाठी तिला जास्त गुण लावायची गरज नसते. उलट पाच-दहा गुणांची, पुस्तक मिटून, वर्गात बसून दिलेली वीस मिनिटांची चाचणी हे काम जास्त चांगलं करते, कारण तिथे कॉपी करून फारसं हाती लागत नाही.

न्याय: नाव माहीत असलेला परीक्षक आणि नसलेला

सत्रान्त उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो. तपासणारा विद्यार्थ्याचं गाव, आडनाव, फी थकली आहे की नाही, यातलं काही जाणत नाही. गुण पटले नाहीत तर छायांकित प्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. अंतर्गत गुणांबाबत यातलं काहीच नसतं. जो शिकवतो तोच ओळखतो आणि तोच गुण देतो. जाणूनबुजून अन्याय करणारे शिक्षक थोडे असतील, पण पुढच्या बाकावर बसणाऱ्या, नीट बोलणाऱ्या विद्यार्थ्याला नकळत दोन गुण जास्त जातात आणि सुरगाण्याहून आलेला, वर्गात तोंड न उघडणारा विद्यार्थी तेवढ्याने मागे राहतो. याला माझ्या मते सर्वात जास्त महत्त्व द्यायला हवं.

आपल्या राज्यात याचे दोन ठळक अनुभव आहेत. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे 20 अंतर्गत गुण 2018-19 या वर्षी काढले गेले. राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, तो 2019 मध्ये 77.10 वर आला. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण होतेच, म्हणून अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं मागे पडतील अशी ओरड झाली. ते गुण परत आणले गेले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. यातला सगळा फरक अंतर्गत गुणांचा म्हणता येणार नाही, 2019 हे नव्या अभ्यासक्रमाच्या पेपरचंही पहिलं वर्ष होतं. तरी एवढं दिसतं की अंतर्गत गुण पासिंगच्या रेषेवर काम करतात, म्हणजे वर हिशेबात आलं तेच.

दुसरा अनुभव 2021 चा. कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाला 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला 20 असं सूत्र लावून शाळांनीच गुण दिले. निकाल लागला 99.95 टक्के. आणीबाणीत दुसरा मार्ग नव्हता, पण त्या गुणांवर अकरावीचे प्रवेश कसे करायचे हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यासाठी जाहीर झालेली सीईटी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केली, आणि प्रवेश त्याच गुणांवर झाले. बाहेरची तपासणी नसलेले गुण ज्याच्यावर दुसऱ्याचा प्रवेश अडकतो अशा कामाला लावले की ते वर सरकतात, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

मात्र सत्रान्त पेपर आपोआप न्याय्य होतो असं समजू नका. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. दिंडोरी, सिन्नर, पेठकडून रोज ये-जा करणाऱ्यांना एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी केंद्रावर पोचणं हीच परीक्षा होती. द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, शेतकरी घरातली मुलं बागेत राबतात आणि दुसऱ्या सत्राच्या चाचण्या याच काळात येतात. 'सर्वोत्तम चार' त्यांना सांभाळून घेतो, एकच मोठा पेपर सांभाळत नाही. रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग आणि लॅपटॉपवरचं सादरीकरण मागणारं अंतर्गत काम मात्र याच मुलांचा खिसा रिकामा करतं.

तपासणीचे तास मोजा, मग प्रमाण ठरवा

निर्णय बहुधा तत्त्वावर नाही, तासांवर अडतो. 60 विद्यार्थी, पाच लेखी कामं, प्रत्येकाला सहा मिनिटं: एका विषयाला सत्रात 30 तास तपासणी. शिक्षकाकडे तीन विषय असतील तर 90 तास. त्याउलट सत्रान्त पेपर 12 मिनिटांचा धरला तरी एका विषयाला 12 तास. तुकडी 120 ची असेल तर सगळं दुप्पट. आणि विभागातले निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतील तर? त्यांना मानधन तासिकेचं मिळतं, घरी बसून केलेल्या तपासणीचं नाही. अशा ठिकाणी 50:50 लादलं की काय होतं ते सांगायला नको: तपासणी होत नाही, रकाने अंदाजाने भरले जातात आणि सगळे 42 ते 46 मध्ये येऊन बसतात.

म्हणून माझा कौल असा. तुकडी 60 च्या आत, शिक्षक बहुतांश कायम आणि विषयाला प्रात्यक्षिकाचा मोठा भाग असेल, तर 40:60 पर्यंत जावं. त्या 40 मध्ये वर्गात घेतलेल्या पाच चाचण्यांपैकी सर्वोत्तम चारांचे 20, प्रत्यक्ष प्रयोग किंवा प्रकल्प आणि त्यावरच्या तोंडीचे 20. उपस्थितीला शून्य. दोन्ही भागांत स्वतंत्र पासिंग. तुकडी शंभराच्या वर असेल किंवा तासिका तत्त्वावरच विभाग चालत असेल, तर 20:80 किंवा फार तर 25:75 ठेवावं, आणि त्या थोड्या गुणांच्या चाचण्या मात्र खऱ्या घ्याव्यात. 50:50 फक्त भाषा-संभाषण, कार्यशाळा, क्षेत्रकार्य अशा विषयांना, जिथे तीन तासांच्या लेखी पेपरने मुख्य गोष्ट मोजलीच जात नाही.

प्रमाण कोणतंही असो, अंतर्गत गुणांना तीन गोष्टी हव्यातच. प्रत्येक चाचणीतल्या दहा टक्के उत्तरपत्रिका, म्हणजे 60 पैकी सहा, दुसऱ्या शिक्षकाने पहिले गुण झाकून तपासाव्यात: वरच्या दोन, मधल्या दोन, खालच्या दोन. वीस गुणांच्या चाचणीत दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक वारंवार येत असेल तर संपूर्ण गठ्ठा पुन्हा. गुण आठ दिवसांत फलकावर आणि उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात. आणि तक्रारीसाठी विभागप्रमुखांखेरीज कुणीतरी दुसरं, कारण तक्रार बहुधा त्याच विभागाबद्दल असते.

सत्र संपल्यावर वरचे तीन एक्सेलचे आकडे प्रत्येक विषयाचे काढून अभ्यास मंडळासमोर ठेवावेत. एखाद्या विषयात अंतर्गत सरासरी 86 टक्के आणि सत्रान्त 54 टक्के असेल, तर त्या शिक्षकाला दोषी धरण्याआधी त्याच्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका मागवून पाहाव्यात. बऱ्याचदा आधी सांगितलेल्या दहा प्रश्नांतलेच पाच विचारलेले असतात आणि ते बदलायला एक बैठक पुरते.

एक स्थानिक बाब वेळापत्रक करणाऱ्यांसाठी. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत. 2027-28 च्या पहिल्या सत्रातले पाच ते दहा हे आठवडे साधारण तेव्हाच येतील. त्या वर्षी पहिल्या तीन चाचण्या जुलैअखेर संपवाव्यात आणि उरलेल्या दोन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यानंतर घ्याव्यात. मधल्या काळात गुण असलेलं काहीही ठेवू नये, कारण त्र्यंबक रस्ता आणि पंचवटीकडून येणारे विद्यार्थी वेळेवर पोचतील याची हमी कुणालाच देता येणार नाही.